पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, बस बंद. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून अंधारात चाचपडत, एकमेकांचे हात धरून घरी पोहोचली. बुडून, दरडी कोसळून, गाडीत गुदमरून जे गेले त्यांचा हिशेब त्याच आठवड्यात लागला. पण ऑगस्ट उजाडला आणि मुंबईच्या रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची रीघ लागली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटऱ्या ठणकत होत्या, डोळे लाल होते, काहींना कावीळ झाली होती, काहींची किडनी काम करेनाशी झाली होती. एव्हाना रस्ते कोरडे झाले होते, गाळ उपसून झाला होता. लेप्टोस्पायरोसिस, आपल्याकडच्या बोलण्यातला ‘लेप्टो’, ही मुंबईच्या डॉक्टरांना नवी गोष्ट नव्हती. पण इतके रुग्ण एकाच वेळी पाहायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती.

पाण्यातून चालणं आणि ताप येणं यांमध्ये जो काळ जातो, तिथेच या आजाराची सगळी गोम आहे. जंतू शरीरात शिरल्यावर ताप यायला साधारण 5 ते 14 दिवस लागतात; क्वचित दोनच दिवस, तर कधी महिनाभरही. पाण्यातून आल्या रात्री शिंका आल्या किंवा अंगात कणकण आली, तर आपण लगेच म्हणतो, ‘भिजलो ना, म्हणून.’ आठ दिवसांनी ताप आला की ते पाणी कुणाच्या ध्यानातही नसतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर रुग्ण सांगत नाही, आणि ओपीडीत साठ माणसं खोळंबलेली असताना डॉक्टरांकडूनही विचारायचं राहून जातं.

हे नीट कळावं म्हणून एक रुग्ण कल्पू या. वय पस्तीस, कुर्ल्याला राहणारा, दादरला कपड्यांच्या दुकानात कामाला. मंगळवारी धो धो पाऊस झाला, गाड्या रखडल्या, आणि शेवटचा टप्पा त्याने गुडघाभर पाण्यातून चालत काढला. पायात सँडल. पावसाळाभर ओलं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या होत्याच. घरी येऊन पाय धुतले, जेवला, झोपला. पुढचा आठवडा ठीक गेला. मग त्याच्या पुढच्या बुधवारी दुपारी दुकानात एकदम हुडहुडी भरली, ताप 103 फॅरनहाइट, डोकं फुटेल असं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की संडासला जाऊन येणंही नको वाटावं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ‘अहो, डोळे बघा तुमचे, किती लाल झालेत.’ कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने तापाची गोळी, अंगदुखीची गोळी आणि ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले.

मंगळवारच्या त्या पाण्यात काय होतं, ते आधी पाहू. लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा, अतिशय बारीक जिवाणू आहे. इतका बारीक, की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या पद्धतीने तो दिसत नाही. त्याचं हक्काचं घर म्हणजे उंदीर-घुशींचं मूत्रपिंड. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो धडधाकट फिरतो आणि त्याच्या लघवीवाटे जंतू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतात. गाईम्हशी, डुकरं आणि कुत्री यांच्या लघवीतूनही तो येतो, म्हणजे गोठे आणि तबेलेही या साखळीत आले. एरवी ही लघवी जिथल्या तिथे सुकते आणि तिच्याबरोबर जंतूही मरतो, कारण कोरडेपणा त्याला अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात मात्र बिळांत पाणी शिरतं, गटारं उलटी वाहू लागतात, कचराकुंडीभोवतीचं, तबेल्यातलं, नाल्याकाठचं सगळं एकाच पाण्यात मिसळतं. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात हा जंतू काही आठवडे तग धरू शकतो. पाणी वरून स्वच्छ दिसतं की गढूळ, यावरून काहीच ठरत नाही.

शरीरात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. खरचटलेली टाच, चिखल्यांनी चिरलेली बेचकी, बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेली कातडी, किंवा हातावरचं पाणी डोळ्याला, नाकाला, तोंडाला लागणं, एवढंही पुरतं. आत गेल्यावर तो रक्तात वाढतो आणि रक्ताबरोबर सगळीकडे पसरतो. माणसाकडून माणसाला हा आजार जवळपास होतच नाही. म्हणून घरात एकाला लेप्टो झाला तर त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं कारण नाही. घरातलं आणखी कोण त्या पाण्यातून गेलं होतं, हे मात्र जरूर पाहावं.

आता पोटऱ्यांकडे येऊ. ताप कसलाही असला तरी अंग दुखतंच. डेंग्यूत तर हाडं मोडल्यासारखी दुखतात. लेप्टोतलं दुखणं प्रामुख्याने स्नायूंचं असतं, आणि ते पोटऱ्या, मांड्या व कंबर इथे जास्त जाणवतं. जंतूमुळे आणि त्याला शरीर जो प्रतिकार करतं त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना खरोखरच इजा होते. तपासणी केली तर स्नायूंतून रक्तात उतरणारं सीपीके नावाचं द्रव्य वाढलेलं सापडतं. डॉक्टर पोटरी हातात धरून हलकेच दाबतात तेव्हा रुग्ण कळवळतो आणि पाय मागे घेतो. बरेच अंतर पाण्यातून चाललं तरी पोटऱ्या दुखतातच, हेही खरं. पण ते श्रमाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं. आठवडाभर पोटऱ्या ठीक होत्या आणि मग तापाबरोबर दुखायला लागल्या, तर त्याला चालण्याचा शीण म्हणता येत नाही.

डोळ्यांची लाली हे त्याहून बोलकं लक्षण आहे, आणि त्याचीच सगळ्यांत जास्त गल्लत होते, कारण पावसाळा हाच डोळे येण्याचाही हंगाम. डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, चिपडं येतात, पाणी गळतं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि अंगात मोठा ताप सहसा नसतो. लेप्टोत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या फुगून डोळा लालबुंद होतो, पण पू नसतो, चिकटपणा नसतो. बहुधा दोन्ही डोळे एकदमच लाल होतात. क्वचित पांढऱ्या भागात रक्ताचा डाग उतरलेला दिसतो. पुढे कावीळ झाली की लाल आणि पिवळा मिळून डोळ्याला नारिंगी छटा येते. ती एकदा पाहिलेला डॉक्टर विसरत नाही. आपल्या रुग्णाने थेंब घातले तरी फरक पडला नाही, यात नवल नव्हतं. त्याच्या डोळ्यांत बिघाड नव्हताच.

तरीही प्रत्येक लेप्टोच्या रुग्णात ही दोन्ही लक्षणं असतातच असं नाही. कितीतरी जणांना नुसता फ्लूसारखा ताप येऊन जातो आणि तो लेप्टो होता हे कधी कळतही नाही. म्हणून डॉक्टर एकाच लक्षणावर भिस्त न ठेवता सगळ्यांची बेरीज करतात. ही बेरीज खरोखरच आकड्यांत मांडायची एक पद्धत आहे. फेन या शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तिची सुधारित आवृत्ती भारतात वापरली जाते. आपल्या रुग्णाला तिच्यात बसवून पाहू. ताप आहे, 2 गुण. डोकेदुखी, 2. ताप 39 अंश सेल्सियसच्या, म्हणजे सुमारे 102 फॅरनहाइटच्या वर गेला, आणखी 2. डोळ्यांची अशी लाली, 4. स्नायूंचं दुखणं, 4. झाले 14. पावसाळा चालू आहे, त्याचे 5. एकूण 19. या पद्धतीत 20 गुणांच्या पुढे गेलं तरच ‘लेप्टो असू शकतो’ असं धरतात, म्हणजे आपला रुग्ण अजून बाहेरच आहे. आता डॉक्टर विचारतात, ‘गेल्या पंधरा दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?’ आणि तो आठवून म्हणतो, ‘हो, गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी.’ दूषित पाण्याशी संपर्क, 4 गुण. बेरीज 23.

त्या एका उत्तराने रुग्ण रेषेच्या पलीकडे गेला. या पद्धतीत पावसाला 5 गुण आहेत आणि लाल डोळ्यांना 4, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटं वाटतं. पण लाल डोळे इतर आजारांतही होतात, पावसाशी इतकं घट्ट नातं मात्र थोड्याच आजारांचं असतं.

चौथ्या दिवशी तो एका दवाखान्यात गेला आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट आले असं समजू. प्लेटलेट 90 हजार. इथे मोठा सापळा आहे. मुंबई-पुण्यात प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की रुग्ण स्वतःच निदान करून पपईच्या पानांचा रस शोधायला निघतो. लेप्टोतही प्लेटलेट उतरतात. फरक बाकीच्या आकड्यांत दिसतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात. याच्या पेशी 14 हजारांवर गेल्या होत्या. बिलिरुबिन 3 झालं होतं, म्हणजे कावीळ सुरू झाली होती, पण एसजीपीटी फक्त 90. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीत हाच आकडा बऱ्याचदा हजारात जातो, कारण तिथे यकृताच्या पेशीच मोठ्या प्रमाणावर नष्ट होत असतात. लेप्टोत यकृताच्या पेशी तितक्या मरत नाहीत, त्यांचं काम बिघडतं. म्हणून डोळे पिवळे आणि एसजीपीटी बेताचं, अशी जोडी दिसते. लघवीत अल्ब्युमिन सापडलं आणि क्रिएटिनिन 1.6, म्हणजे किडनीलाही झळ पोहोचली होती. किडनीचे 2 गुण, काविळीचा 1. बेरीज 26. या पद्धतीप्रमाणे 26 झाले की लेप्टोची खास तपासणी हातात नसतानाही ‘लेप्टोच समजून चला’ असं म्हणता येतं.

खास तपासणीचं वेळापत्रक वेगळंच आहे. बहुतेक प्रयोगशाळांत जी आयजीएम एलायझा चाचणी होते, ती जंतू शोधत नाही, तर जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पुरेशी तयार व्हायला तापाचे पाच-सात दिवस जावे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून लेप्टो नाही, असं म्हणणं चूक आहे. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर चाचणी उपयोगी पडते, पण ती सगळीकडे होत नाही आणि महागही असते. सर्वांत भरवशाची समजली जाणारी मॅट ही चाचणी मोजक्या प्रयोगशाळांत होते, आणि तिचा खरा उपयोग दोन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने तपासून प्रतिद्रव्यं चौपट वाढली का, हे पाहण्यात आहे. तोवर रुग्ण एक तर बरा होऊन कामाला लागलेला असतो, नाहीतर नसतोच. म्हणून चाचणीची वाट पाहत औषध थांबवायचं नाही, असा दंडक आहे.

औषध लवकर सुरू करण्याचा आग्रह का, ते डेंग्यूशी तुलना केली की कळतं. डेंग्यूवर थेट औषध नाही; पाणी, विश्रांती आणि लक्ष ठेवणं हाच उपचार. लेप्टो मात्र जिवाणूचा आजार आहे आणि साध्या, स्वस्त, जुन्या प्रतिजैविकांना तो दाद देतो. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सात दिवस. आपल्या रुग्णासारखी कावीळ आणि किडनीची झळ दिसली तर रुग्णालयात दाखल करून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं. ‘डेंग्यू आहे, प्लेटलेट बघत राहू’ या एका वाक्यात हे चार-पाच दिवस निघून जाऊ शकतात. दोन्हीची शंका असेल तर दोन्हींसाठी तपासावं आणि मलेरियाही वगळावा. पावसाळ्यात एकाच माणसाला दोन आजार एकदम होणं अशक्य नसतं.

अंगदुखीच्या गोळीचाही इथे संबंध येतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. ज्या तापात किडनी आणि प्लेटलेट आधीच अडचणीत असतात, त्यात त्या दुकानातून परस्पर घेणं धोक्याचं आहे. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच.

या आजाराची आणखी एक खोड आहे. काही रुग्णांत चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमाराला, जंतू रक्तातून हटू लागतो तेव्हा, ताप उतरतो. बरं वाटतं. माणूस डबा घेऊन कामावरही जातो. दोन-तीन दिवसांनी ताप परत येतो, आणि गंभीर प्रकारात याच काळात कावीळ वाढणं, लघवी कमी होणं, श्वास लागणं सुरू होतं. सगळ्यांत भीती फुप्फुसांची. तिथे रक्तस्राव सुरू झाला तर थुंकीत रक्त दिसायला लागतं. कधी तेही दिसत नाही, नुसती धाप वाढत जाते आणि काही तासांत माणसाला व्हेंटिलेटर लागू शकतो. ताप, लाल डोळे आणि त्यात दम लागतोय, अशी स्थिती असेल तर सकाळपर्यंत थांबू नये. त्या मानाने किडनीचं बरं: वेळेत डायलिसिस मिळालं तर लेप्टोत बंद पडलेली किडनी बहुतेक वेळा पूर्ववत होते.

शहरात पाणी तुंबल्यावर लेप्टोची चर्चा होते, कोकणात तो दर पावसाळ्याचा पाहुणा आहे. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत भातलावणीला माणसं दिवसचे दिवस पोटरीभर चिखलात उभी असतात. बांधांत उंदरांची बिळं, शेजारी बैलांचा वावर, पायाला चिखल्या, हाताला कापलेलं. पूर येण्याची गरजच नाही. तिथे ‘पाण्यातून चालला होतात का’ या प्रश्नाला माणूस सरळ ‘नाही’ म्हणेल, कारण शेताच्या पाण्याला तो तसलं पाणी समजतच नाही. ‘लावणीला गेला होतात का, गोठा कोण साफ करतं’ असंच विचारावं लागतं. आणि डोळे पिवळे दिसले की आधी गावठी औषध, काविळीचं पथ्य, असा रिवाज अजून बऱ्याच ठिकाणी आहे. नुसती कावीळ असती तर तो एक वेळ चालून गेला असता. ताप, पोटऱ्यांचं दुखणं आणि कावीळ एकत्र असताना मात्र त्यात गेलेला प्रत्येक दिवस किडनी आणि फुप्फुसांच्या खात्यातून जातो.

पाण्यातून जाऊन आल्यावर, ताप येण्याआधी काही करता येतं का? येतं. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर झालेला प्रयोग 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण 900 सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटात 20 जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात एकाला. मुंबई महापालिका मोठ्या पावसानंतर जे आवाहन करते, त्यातली गोळी हीच. पाण्यातून चालल्यावर 24 ते 72 तासांत दवाखान्यात जाऊन सल्ला घ्या, असं त्यात म्हटलेलं असतं. किती घ्यायची हे धोक्यावर ठरतं: एकदाच पाण्यातून गेलेल्या, पायाला जखम नसलेल्या माणसाला बहुधा एकच मात्रा, जखम असलेल्याला, किंवा रोजच पाण्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला जास्त. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध निवडतात. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. गोळी घेतली म्हणून नंतर आलेल्या तापाकडे दुर्लक्ष करायचं नाही. धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

गमबूट वापरावेत, पण ते घोट्याच्या वरच्या पाण्यापुरतेच. गुडघाभर पाण्यात ते आतून भरतात आणि मग तेच पाणी तासन्‌तास पायाला लागून राहतं. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि चिखल्यांवर वेळीच मलम लावावं. आणि ज्या दिवशी तुंबलेल्या पाण्यातून घरी आलो, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. तिथे दूधवाल्याच्या आणि गॅसच्या तारखा असतातच. पुढच्या महिनाभरात घरात कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना ताप किती आहे याच्या बरोबरीने ही तारीखही सांगता येईल.